तिन्ही फेजची बेरीज झिरो येते, मग न्यूट्रल जळतो कसा?

हा प्रश्न दर पावसाळ्यात कुठून तरी येतोच, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून देईन.

प्रसंग असा असतो. तीन-चार मजल्यांची बिल्डिंग, मीटर रूममध्ये थ्री फेज चार वायरची सप्लाय, म्हणजे तीन फेज आणि करंट परत जायला एक न्यूट्रल, तिथून प्रत्येक फ्लॅटला सिंगल फेज. एके दिवशी सकाळी तळमजल्यावरचे बल्ब मेणबत्तीसारखे मिणमिणतात आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे एलईडी भडक पेटून पटापट उडतात, कोणाचा टीव्ही जातो, कोणाच्या फ्रिजचं कार्ड जातं. कोणीतरी गीझर बंद करतं आणि सगळा खेळच उलटा होतो, मघाशी भडक होता तो फ्लॅट मंद होतो. वायरमन येतो, मीटर रूममधली न्यूट्रल लिंक, म्हणजे सगळे न्यूट्रल एकत्र जोडायची पट्टी, उघडतो, तर आतला थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला लावलेली धातूची टोपी, काळा पडून भाजलेला. तो घट्ट करतो, पॉलिश पेपर मारतो, पैसे घेऊन जातो, आणि आठ-दहा महिन्यांनी पुन्हा तेच.

माझ्या एका साइटवर असंच झालं तेव्हा सोबत डिप्लोमाला असलेला एक मुलगा होता. त्याने जळका थिंबल हातात घेतला आणि मला म्हणाला, सर, तीन फेज एकशेवीस डिग्रीवर असतात, त्यांची बेरीज झिरो असते, म्हणजे न्यूट्रलमधून करंटच जात नाही, मग हा जळला कशाने? प्रश्न एकदम बरोबर आहे. गोची अशी की त्याने दोन वेगळी वाक्यं एकाला एक जोडून टाकली होती, बेरीज व्होल्टेजची झिरो असते आणि न्यूट्रलमधून करंट जात नाही. पहिलं बऱ्यापैकी पक्कं आहे, दुसऱ्याला अट आहे आणि ती अट आपल्या बिल्डिंगमध्ये जवळपास कधीच पाळली जात नाही. पण आधी पहिलंच नीट बघू, कारण ते नुसतं पाठ केलेलं असतं म्हणून पुढे सगळे अडकतात.

तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात. सगळ्यात पहिली शंका म्हणजे मीटरने मोजलं तर आर ला २३०, वाय ला २३०, बी ला २३०, बेरीज ६९०, मग झिरो कुठून आणला? तर मल्टिमीटर जे २३० दाखवतो ते त्या व्होल्टेजची सरासरी छापाची ताकद आहे, आरएमएस, त्याच्यात दिशा नाही आणि वेळही नाही. खरं व्होल्टेज सेकंदाला ५० वेळा वरखाली होतं, वर ३२५ पर्यंत आणि खाली उणे ३२५ पर्यंत, आणि तिन्ही फेज एकाच क्षणी वर नसतात. बेरीज करायची ती त्याच क्षणाच्या आकड्यांची, मीटरवरच्या आकड्यांची नाही.

आता डोक्यावरच्या पंख्याकडे बघा. साधा तीन पात्यांचा सीलिंग फॅन. त्याच्या मधून पूर्व-पश्चिम एक रेघ जाते असं समजा आणि प्रत्येक पात्याचं टोक त्या रेघेच्या उत्तरेला किती आहे ते मोजा, दक्षिणेला असेल तर उणे धरा. एक पातं बरोबर उत्तरेला असेल तर त्याचं माप पूर्ण, समजा ३२५. बाकीची दोन त्याच्यापासून एकशेवीस डिग्रीवर आहेत, म्हणजे दोन्ही दक्षिणेला झुकलेली, पण तिरकी, त्यामुळे प्रत्येकाचं माप निम्मंच, उणे १६२.५. दोघांचे मिळून उणे ३२५. झालं झिरो. पंखा थोडा फिरवा, पहिलं पातं बरोबर रेघेवर आणा, त्याचं माप ०, बाकीच्यांपैकी एक उत्तरेला २८१ आणि दुसरं दक्षिणेला २८१. पुन्हा झिरो. पंखा फिरतोय आणि प्रत्येक टोकाचं हे माप वरखाली होतंय, तीच तुमची साइन वेव्ह, आणि तीन पाती म्हणजे आर, वाय, बी. जनरेटरमध्ये उलटं असतं एवढंच, तिथे तीन कॉइल एकशेवीस डिग्रीवर बसवलेल्या असतात आणि मधलं चुंबक फिरतं.

पण दोन-तीन जागी झिरो आलं म्हणून प्रत्येक जागी येईलच असं का? इथे मला सगळ्यात आवडणारं कारण ट्रिगोनोमेट्रीवालं नाही. तिन्ही पात्यांना बाण समजा आणि त्यांची बाणांची बेरीज करा, काहीतरी एक बाण येईल, कुठल्यातरी दिशेला तोंड करून. आता पंखा बरोबर एकशेवीस डिग्री फिरवा. पाती जागा बदलतात पण चित्र तेच दिसतं, पहिल्याच्या जागी दुसरं, दुसऱ्याच्या जागी तिसरं, म्हणजे बेरजेचा बाण बदलायला नको. पण अख्खा पंखा फिरवला म्हणजे बेरजेचा बाण पण एकशेवीस डिग्री फिरायलाच पाहिजे. जो बाण फिरवला तरी तिथल्या तिथेच राहतो असा बाण एकच, ज्याला लांबीच नाही. म्हणून बेरीज शून्य, आणि पंखा कुठल्याही कोनात असला तरी शून्य. यात कुठेही साइन-कोसाइन लागलं नाही. ज्याला पेपरात लिहायचंय त्याने sin(θ−120°) आणि sin(θ+120°) ची बेरीज करावी, ती 2·sinθ·cos120° येते, cos120° म्हणजे उणे अर्धा, म्हणजे बेरीज बरोबर उणे sinθ, आणि पहिल्या फेजचा sinθ त्याच्याशी कटतो. दोन ओळीत संपतं.

इथेच एक छोटा अडथळा सांगून टाकतो कारण पोरं यात फार वेळ घालवतात. एक्सेलमध्ये टेबल करून बघितलं तर बेरीज झिरो येत नाही, तीनशे-चारशे-आठशे असं काहीही येतं. कारण एक्सेलचा SIN डिग्री घेत नाही, रेडियन घेतो, आणि १२० रेडियन म्हणजे भलतंच काहीतरी. A कॉलममध्ये ०, १०, २० असे डिग्री टाका आणि असं लिहा:

```
=325*SIN(RADIANS(A2))
=325*SIN(RADIANS(A2-120))
=325*SIN(RADIANS(A2+120))
```

तरी बेरजेत कधीकधी 5.7E-14 असलं काहीतरी दिसेल, ते दशांश चिन्हानंतर तेरा शून्यं सोडून आलेलं उरलंसुरलं आहे, कॉम्प्युटरच्या आकडेमोडीतलं, त्याला झिरोच म्हणायचं.

आता अट. पंखा न डुलता फिरतो तो पाती सारखी असतात आणि सारख्या अंतरावर असतात म्हणून. एक पातं वाकवा किंवा त्याच्यावर चिखल चिकटवा, डुलायला लागतो. तसंच इथे, व्होल्टेजची बेरीज झिरो यायला तिन्हीची उंची एक हवी, कोन बरोबर एकशेवीस हवे. प्रत्यक्षात सप्लाय २३६, २२८, २३१ अशी येते. मग उरतं किती? त्याचं एक सोपं सूत्र आहे, कोन बरोबर १२० धरले तर:

```
N = sqrt(((R-Y)^2 + (Y-B)^2 + (B-R)^2) / 2)
```

फरक घ्या, ८, ३, ५. वर्ग ६४, ९, २५. बेरीज ९८, निम्मे ४९, वर्गमूळ ७. म्हणजे तीन व्होल्टेज थोडी वरखाली असली तरी बेरीज फक्त ७ व्होल्ट. हे सूत्र जपून ठेवा, पुढे करंटला पण हेच लागणार आहे.

आणि एक बेरीज अशी आहे जिला कुठलीच अट नाही. आर-वाय, वाय-बी, बी-आर ही तीन लाइन व्होल्टेज घेतली तर त्यांची क्षणाक्षणाची बेरीज झिरोच येणार, फेज समान असोत नाहीतर नसोत, कारण आर पासून वाय ला, तिथून बी ला आणि तिथून परत आर ला आलात म्हणजे निघालात तिथेच पोचलात. घरातून निघून गावभर चढउतार करून परत दारात आलात तर एकूण चढ शून्यच की. त्यामुळे लाइन व्होल्टेजची बेरीज झिरो आहे का हे तपासण्यात काही अर्थ नाही, ते समान आहेत का एवढंच बघायचं. हा मुद्दा फॉल्ट शोधताना कामाला येतो.

आता मूळ दुखण्याकडे. न्यूट्रलमधून वाहतो तो करंट, आणि करंट व्होल्टेजवर नाही तर लोडवर ठरतो. व्होल्टेजची तिन्ही पाती सारखी आहेत पण करंटची पाती प्रत्येक फ्लॅटवाल्याच्या मर्जीवर. खेड्यात पंपाची मोटर बघा, तिला न्यूट्रल लागतच नाही, तीन वायरवर चालते, कारण आतली तिन्ही वाइंडिंग सारखी गुंडाळलेली, करंटची बेरीज आपोआप झिरो. ११ केव्ही लाइनवर पण तीनच तारा असतात, न्यूट्रल तुमच्या डीपीपाशी म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या एलटी, म्हणजे कमी व्होल्टेजच्या बाजूला तयार होतो. खरं तर थ्री फेज जिंकली ती यामुळेच, तीन वेगळ्या सर्किटला सहा तारा लागल्या असत्या, तीन परतीच्या तारा एकत्र केल्या तर त्यातलं करंट कटून जातं आणि तीन तारांत काम भागतं. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफर्टला साधारण १७५ किलोमीटर वीज नेऊन दाखवली ती याच पद्धतीने. पण तिथे लोड सांभाळलेला असतो, आपल्या बिल्डिंगमध्ये जोशी काकूंचा गीझर आणि वरच्या पोराचा लॅपटॉप एकाच वेळी एकसारखा करंट घेतील असं कोण सांगणार.

सोपे आकडे घेऊन हिशोब करू. सकाळी सात वाजता आर वर एक २ किलोवॅटचा गीझर, वाय वर १ किलोवॅटची इस्त्री, बी वर ५०० वॅटचं किरकोळ. सगळं शुद्ध रेझिस्टन्स धरू, नाहीतर हिशोब लांबतो. २३० व्होल्टला करंट येतो आर ८.७०, वाय ४.३५, बी २.१७ अँपिअर. वरच्याच सूत्रात टाका, न्यूट्रलमध्ये येतात ५.७५ अँपिअर. अजिबात झिरो नाही. आणि एकट्या आर वरच लोड असता तर न्यूट्रलमध्ये अख्खे ८.७० आले असते, म्हणजे फेजइतकाच करंट. त्या पोराला हे कागदावर दाखवलं तेव्हा तो गप्प झाला, म्हणजे झिरो नाही, झिरोकडे जाण्याची फक्त इच्छा आहे, असं काहीतरी म्हणाला. वाक्य मला आवडलं.

आता हा न्यूट्रल लिंकपाशी सैल झाला, आधी गरम, मग काळा, मग एक दिवस तुटला. इथे लोकांना वाटतं वीज जाईल. जात नाही, हेच तर वाईट. तिन्ही फ्लॅटचे न्यूट्रल लिंकपर्यंत एकमेकांना जोडलेलेच आहेत, फक्त पुढे ट्रान्सफॉर्मरकडे जायला वाट नाही. आता त्या जोडावर येणाऱ्या तिन्ही करंटची बेरीज झिरो व्हायलाच हवी, कारण जास्तीचं करंट जायला जागाच उरली नाही. मघाशी व्होल्टेज पक्कं होतं आणि करंट मोकळा होता, आता करंटच्या पायात बेडी पडली, मग सैल काय राहिलं, तर व्होल्टेज. तो जोड बिंदू आपली जागा सोडून सरकतो, जड लोड असलेल्या फेजकडे सरकतो, आणि करंट जुळेपर्यंत सरकत राहतो.

वरच्याच लोडवर हिशोब केला तर जोड बिंदू ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपासून ८७ व्होल्ट सरकतो. मग गीझरवाल्या आर ला मिळतात १५१ व्होल्ट, इस्त्रीवाल्या वाय ला २६१, आणि बिचाऱ्या बी ला, ज्याने सगळ्यात कमी लोड लावलाय, ३०१ व्होल्ट. ज्याचा लोड सगळ्यात कमी त्याचं नुकसान सगळ्यात जास्त, यात न्याय शोधू नका. करंट मात्र आता ५.७, ४.९ आणि २.८ असे झाले आणि त्यांची बाणांची बेरीज चोख झिरो आहे.

आता गीझरचा थर्मोस्टॅट पडला, आर वर लोड शून्य झाला. वाय आणि बी आता एकामागे एक जोडल्यासारखे, दोघांवर मिळून वाय-बी चे ३९८ व्होल्ट. त्यात इस्त्रीच्या वाट्याला १३३ आणि बी ला २६५. म्हणजे मघाशी २६१ वर भडकलेला वाय एका क्षणात १३३ वर मंद. म्हणून सुरुवातीला म्हटलं की कोणीतरी गीझर बंद केला की खेळ उलटा होतो. हे लक्षण दिसलं, एका घरात मंद आणि दुसऱ्यात भडक आणि ते सुद्धा दुसऱ्याच्या लोडप्रमाणे नाचणारं, की माझ्या मते नव्वद टक्के न्यूट्रलच. नुसतं व्होल्टेज कमी असेल तर सगळ्यांचं कमी असतं, आणि एक फेज गेला तर त्या फेजवाल्यांकडे अंधार होतो, बाकीच्यांना काही होत नाही.

लोकं विचारतात एमसीबी का नाही पडला. एमसीबी करंट बघतो, व्होल्टेज नाही. ३०१ व्होल्टला बी चा करंट २.८ अँपिअर आहे, १६ चा एमसीबी त्याच्याकडे ढुंकून पण बघणार नाही. आरसीसीबी पण नाही पडत, कारण तो फ्लॅटमध्ये जाणारा आणि येणारा करंट जुळतो का एवढंच बघतो, आणि तो जुळतोच. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेजचा वेगळा प्रोटेक्टर मिळतो तो बसवावा लागतो.

आता शोधायचं कसं. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या, लाइव्ह मीटर रूममध्ये हात घालणं म्हणजे गंमत नाही, पण काय मोजतोय ते तुम्हाला कळलं पाहिजे. आणि लक्षण दिसल्या दिसल्या आधी सगळ्या फ्लॅटचे मेन बंद करायला लावा, मोजमाप नंतर. मोजायला थोडा लोड चालू लागतो, तेव्हा गीझर, इस्त्री, जुने बल्ब असलं निगरगट्ट सामान चालू ठेवा, टीव्ही-फ्रिजचे प्लग काढून.

आधी आर-वाय, वाय-बी, बी-आर मोजा. तिन्ही ४०० च्या आसपास आणि स्थिर असतील तर वरून तिन्ही फेज ठणठणीत आहेत. मग प्रत्येक फेज ते न्यूट्रल. लाइन व्होल्टेज स्थिर आणि फेज व्होल्टेज मात्र १५०, २६०, ३०० असं विस्कटलेलं, हीच न्यूट्रल सुटल्याची सही. हे फक्त न्यूट्रलमुळेच होऊ शकतं असं नाही, पण दुसरं कारण मला साइटवर सापडलेलं नाही. आता तोच मीटर लिंकच्या अलीकडे आणि पलीकडे लावा, म्हणजे येणाऱ्या केबलच्या न्यूट्रलवर आणि नंतर फ्लॅटकडे जाणाऱ्या न्यूट्रलवर. येणाऱ्या बाजूला तिन्ही २३० आणि पलीकडे विस्कटलेले असतील तर दोष तुमच्या लिंकमध्ये. येणाऱ्या बाजूलाच विस्कटलेले असतील तर दोष खांबावर, फीडर पिलरमध्ये नाहीतर डीपीवर, तिथे तुमचा वायरमन काही करू शकत नाही, वीज कंपनीला फोन करा. फ्लॅटकडच्या न्यूट्रल आणि आर्थिंगमध्ये पण मोजून बघा, निरोगी असेल तर दोन-चार व्होल्ट, सुटलेला असेल तर आपल्या उदाहरणात ८७. कधीकधी टेस्टर न्यूट्रलला पण लागतो ते याच्यामुळेच. आणि काही महाभाग थ्री पिनच्या आर्थला न्यूट्रलचाच तुकडा जोडून ठेवतात, त्यांच्या वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर हेच ८७ व्होल्ट येऊन बसतात. हा प्रकार तुमच्याकडे असेल तर आजच काढा.

टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर, असेल तर एक सुंदर गोष्ट करता येते. न्यूट्रल जागेवर असताना आर, वाय, बी या तिन्ही फेजच्या वायर एकत्र टाँगमध्ये घ्या. टाँग काही प्रत्येकाचा आकडा वेगळा मोजून बेरीज करत नाही, तो आतल्या एकूण चुंबकीय क्षेत्राला मोजतो, म्हणजे त्या क्षणाच्या करंटची बाणांची बेरीज आपोआप करतो. आपल्या उदाहरणात एकेक घेतली तर ८.७, ४.३५, २.१७ आणि तिन्ही एकत्र घेतल्या तर ५.७५. आणि न्यूट्रल वेगळा घेतला तरी ५.७५. मग न्यूट्रल पण आत घ्या, चारही वायर, झिरो. झिरो आला नाही तर तेवढं करंट जमिनीत गळतंय. ज्याला एकशेवीस डिग्रीचा विषय पुस्तकातून पटत नाही त्याला मी हेच करून दाखवतो, गीझर-इस्त्री सोडून कुठल्याही कारखान्यातल्या मोटरच्या पॅनलवर नेतो, एकेक फेजवर २० अँपिअर आणि तिन्ही एकत्र धरले की काटा खाली. तोंड बघण्यासारखं होतं पोरांचं.

दुरुस्तीचं म्हणाल तर नुसतं घट्ट करून भागत नाही, म्हणून तर आठ महिन्यांनी परत येतं. बहुतेक ठिकाणी येणारी केबल अ‍ॅल्युमिनियमची असते आणि लिंक पितळेची किंवा तांब्याची. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो, गरम झालं की ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं, थंड झालं की जोड सैल पडतो, आणि पावसाळ्यात ओल आली की दोन धातूंमध्ये गंज लागतो. सैल जोड जास्त गरम होतो आणि गरम जोड जास्त सैल होतो, हे चक्र. भाजलेला तुकडा कापून टाकून पुढची चांगली तार घ्या, बायमेटॅलिक थिंबल वापरा, क्रिम्पिंग टूलने दाबा, हातोडीने नाही, कंडक्टिंग पेस्ट लावा, स्प्रिंग वॉशर टाका. न्यूट्रलमध्ये फ्यूज कधीही टाकू नका, जुन्या मीटर बोर्डवर मी कटआउट बघितलेत न्यूट्रलवर, तो उडाला की वर सांगितलं तेच सगळं हुबेहूब होतं. फ्लॅट तीन फेजवर सारखे वाटले तर न्यूट्रलचा करंट कमी होतो, ते करावंच, पण त्याने झिरो होईल या भरवशावर राहू नका, कोण कधी काय लावेल याला धरबंध नाही.

आता एक उरलेली गाठ. एका ऑफिसमध्ये मला उलटी केस सापडली. तिन्ही फेजवर करंट जवळजवळ सारखा, लोड मुद्दाम वाटलेला, जोड नवा कोरा, तरी न्यूट्रल फेजपेक्षा जास्त गरम. सूत्राप्रमाणे झिरो यायला पाहिजे होता. तिथे सगळा लोड कॉम्प्युटर आणि एलईडी ड्रायव्हरचा होता, ही यंत्रं करंट गोल साइन वेव्हसारखा घेत नाहीत, शेंड्यावर घुटका मारल्यासारखा घेतात, आणि अशा करंटमध्ये ५० हर्ट्झसोबत १५० हर्ट्झचा तुकडा मिसळलेला असतो, तिसरा हार्मोनिक. आता पंखा आठवा. तिप्पट वेगाच्या तुकड्याला कोन पण तिप्पट लागतो. एकशेवीसचे तिप्पट तीनशेसाठ. म्हणजे या तुकड्याची तिन्ही पाती एकमेकांपासून एकशेवीस डिग्रीवर नाहीतच, एकावर एक आहेत, सगळी एकाच दिशेला. ती कटत नाहीत, थेट बेरीज होते. प्रत्येक फेजमध्ये ५० हर्ट्झचे १० आणि १५० हर्ट्झचे ४ अँपिअर असतील तर मीटरला फेजवर १०.८ दिसतात, आणि न्यूट्रलमध्ये ५० वाले दहा-दहा-दहा कटून गेले तरी चार-चार-चार मिळून १२ अँपिअर वाहतात. फेजपेक्षा जास्त, आणि लोड तर बॅलन्स आहे.

हे ओळखायला टाँग टेस्टर ट्रू आरएमएसवाला आणि फ्रिक्वेन्सी दाखवणारा हवा. न्यूट्रलवर लावला आणि ५० ऐवजी १५० हर्ट्झ दाखवला की समजा जोडाचा दोष नाही, फ्लॅट इकडून तिकडे हलवून काही फरक पडणार नाही, न्यूट्रलची वायरच जाड घ्यावी लागेल नाहीतर फिल्टर लावावा लागेल. त्या ऑफिसमध्ये न्यूट्रल फेजच्या निम्म्या साइजचा टाकला होता, जुन्या पद्धतीने, कारण कोणीतरी शिकलेलं की बेरीज झिरो असते. आम्ही फेजच्या दुप्पट साइजचा टाकला. फेजच्या केबलला हात पण लावला नाही.